आधी कोणी सापडू तर दे

माझं काम लोकांना किती ऐकू येतं ते मोजायचं. भिंतींना जाड स्पंज लावलेली एक छोटी खोली आहे. पेशंटला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि काचेच्या अलीकडून एकेक बारीक आवाज सोडायचा. ऐकू आला की बटण दाबा, इतकंच. पण पुष्कळ जण आवाज सोडलेला नसतानाही बटण दाबतात. ऐकू आलं नाही म्हणायची लाज वाटते माणसाला. मी रागवत नाही, पुन्हा घेतो.

त्या दिवशी एका आजोबांची तपासणी संपवून मी बाहेर आलो, तर रिसेप्शनवरची मुलगी आणि सिस्टर एका मोबाईलवर वाकून खिदळत होत्या. मोबाईलमधून आधी एक ठसक्यातला बायकी आवाज आला, "काय गं, आता तुझा नंबर कधी?" मग थोडी शांतता. मागे ताटं एकमेकांवर ठेवल्याचा खणखणाट. आणि मग दुसरा आवाज, "अगं काकू, आधी कोणी सापडू तर दे!" आणि हसणं.

हा दुसरा आवाज मी हजारात ओळखला असता. बोलण्याआधी ती नाकातून एक छोटा श्वास घेते, तोसुद्धा त्यात होता.

"सर, ऐकलंत का हे? सगळीकडे हेच चाललंय," रिसेप्शनवरची म्हणाली. "आमच्या ताईला पाठवलं, ती तर लोळली हसून."

"कोण आहे ही?" मी विचारलं. असं का विचारलं देव जाणे.

"काय माहीत! कोणीतरी आपल्यासारखीच. लग्न न जमणारी."

मला ती चार वर्षांपूर्वी सापडली होती आणि मी तिला. माझ्या घराची एक किल्ली तिच्याकडे असते, माझ्या फ्रीजमध्ये तिचा कॉफीचा डबा असतो. आणि आता ती मोबाईलमधून साऱ्या जगाला सांगत होती की आधी कोणी सापडू तर दे. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की पुढच्या पेशंटचा डावा कान मी दोनदा तपासला आणि उजवा विसरलोच.

ही भानगड झाली कशी ते तिने मला संध्याकाळी सांगितलं. ती गाडी चालवायला शिकवते. क्लास संपले की शिकाऊ गाडी ती मैदानाच्या कडेला लावते, आणि आम्ही बोलतो ते तिथेच. मी शिकणाऱ्याच्या सीटवर, ती शेजारी, तिच्या पायाशी जास्तीचा ब्रेक. मी नुसता आवाज चढवला तरी तिचा पाय त्या ब्रेकवर जातो. सवय.

काकूच्या मुलीच्या लग्नात स्टेजवरचे खेळ हिने घेतले होते. म्हणून शूटिंगवाल्याने हिच्या कॉलरला माईक लावला. खेळ संपले, ही खाली उतरली, माईक तसाच राहिला. ताटांच्या टेबलाजवळ काकूने गाठलं. काकूने विचारलं, हिने उत्तर दिलं, दोघी जेवायला गेल्या. पुढे एडिटिंग करणाऱ्याला ते सापडलं, त्याने ते हिच्या आतेभावाला दिलं. आतेभाऊ म्हणजे घरातला व्हिडिओ-बहाद्दर. त्याने ते कापून सात सेकंदांचं केलं, काकूच्या फोटोवर चढवलं, खाली ठळक अक्षरांत वाक्य टाकलं आणि भावंडांच्या ग्रुपवर सोडलं. काका, काकू, आत्या, मामा कोणी नसलेला तो ग्रुप. प्रत्येक घराण्यात असा एक असतो.

"ग्रुपवरच राहणार होतं रे," ती म्हणाली. "पण याने बाहेर टाकलं. मग कोणीतरी तो आवाज घेऊन स्वतःचा व्हिडिओ केला. मग कोणीतरी त्याच्यावर."

"आणि तू हसलीस."

"मग काय करायला हवं होतं? रडायला?"

"मी आहे म्हणायला हवं होतं."

तिचा पाय ब्रेकवर गेला. गाडी बंदच होती.

एक खरं सांगतो, त्या आवाजात जादू होती. मी रागारागाने शेकडो व्हिडिओ पाहिले आणि ती जादू कुठे आहे ते माझ्यासारख्या कान तपासणाऱ्याला लगेच कळलं. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये जी दीड सेकंदाची शांतता आहे, तिच्यात. प्रश्न सगळ्यांचा एकच, उत्तर सगळ्यांचं एकच. पण ती शांतता मोकळी होती, तिथे प्रत्येकाला आपापला चेहरा ठेवता येत होता. कोणी तोंडाजवळ नेलेला चमचा परत ताटात ठेवत होतं. कोणी हळूच टेबलाखाली जात होतं. एक वकीलबाई त्या दीड सेकंदात कोट काढून पळून जात होत्या. एकाने आपल्या मांजरीलाच बसवलं होतं, मांजर त्या शांततेत भिंतीकडे तोंड फिरवत होती. मग चष्म्याच्या दुकानाने जाहिरातीला तो आवाज घेतला, मग एका हेल्मेटवाल्याने.

आणि हे सगळं लग्नाच्या सीझनमध्येच का उसळतं, तेही कळलं. कारण तेव्हा सगळे एकाच वेळी एकाच तऱ्हेच्या खुर्च्यांवर बसलेले असतात, हातात मोबाईल असतो, आणि समोरून एक काकू येताना दिसत असते. व्हिडिओ पाठवायचा तो तीन खुर्च्या सोडून बसलेल्या मावसबहिणीला. ती तिथून बघते, दोघी एकमेकींकडे पाहून ओठ दाबतात, आणि काकू येते तेव्हा त्या दोघी असतात, एकटी कोणी नसते. सगळी किमया तीच. त्या प्रश्नाचं खरं दुखणं हेच की तो माणसाला गर्दीत एकटं पाडतो. व्हिडिओखाली हजारो लोक लिहीत होते, "हे माझ्याच घरी शूट केलंय का?" म्हणजे आपण एकटे नाही. म्हणजे दोष आपला नाही, काकूचा आहे. हे कळल्यावर हलकं वाटतं माणसाला. मलासुद्धा वाटलं असतं, त्या विनोदात मी पुसला गेलो नसतो तर.

"तुला कळत नाही," ती पुढच्या वेळी म्हणाली. "आमच्या घरात लग्न हा शब्द फक्त हसतच काढता येतो."

ते मला माहीत होतं. तिची थोरली बहीण लग्न मोडून घरी परत आली तेव्हा वडील खूप बोलले. इतके, की थोरली दुसऱ्या गावी नोकरी शोधून निघून गेली आणि अजूनही फोन आईच्याच नंबरवर करते. त्यानंतर त्या घरात घटस्फोट हा शब्द कोणी काढत नाही. आणि माझा एक झालेला आहे. जुना, लहानसा, दोन्हीकडून शांतपणे झालेला. पण झालेला.

"मी बाबांना काय सांगू? मोडलेलं एक घरी आलं, आता मोडलेलं एक मी आणते?"

"मी मोडलेला नाही."

"मला माहितीय. त्यांना कसं सांगू ते सांग."

"आता काकूच्या मुलाचंही लग्न आहे, तिथे सगळे असतील. त्याआधी सांग, नाही तर तिथे सांग. मला आता हे होत नाही." मग मी ते बोललो जे बरेच दिवस ओठांवर येऊन परत जात होतं. आमच्या हॉस्पिटलची नवी शाखा दूरच्या गावी निघत होती, आणि डॉक्टरबाईंनी मला तिथे जाशील का म्हणून विचारलं होतं. "ते लग्न झालं की बाईंना उत्तर द्यायचंय. तू सांगितलंस तर मी जात नाही. नाही सांगितलंस तर जातो."

"ही धमकी आहे?"

"नाही. मी दमलोय."

ती बराच वेळ समोरच्या काचेतून मैदानावरचे लाल-पांढरे खांब बघत बसली. त्या खांबांच्या मधून ती रोज नवशिक्यांना गाडी मागे घ्यायला शिकवते. "ठीक आहे," ती म्हणाली. "पण मग तूही अंग काढायचं नाहीस. मी तोंड उघडलं की तू माझ्या बाजूला दिसला पाहिजेस."

"दिसेन की," मी म्हणालो. मला स्वतःबद्दल काडीची शंका नव्हती.

खरं तर शंका यायला हवी होती. दुसऱ्याच आठवड्यात रिसेप्शनवरचीने माझा एक फोटो काढला, मी हेडफोनची वायर सोडवत असतानाचा, तोंड वेंगाडलेला. त्यावर तोच आवाज चढवून तिने स्टाफच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी दात काढले. डॉक्टरबाईंनी जाता जाता विचारलं, "काय मग, तुमचं दुसऱ्यांदा कधी?" मला उत्तर शोधावंच लागलं नाही. मी फोन वर केला आणि तो आवाज वाजवला. बाई हसल्या, मी हसलो, विषय मिटला. किती सोपं होतं ते! प्रश्नावर तयार झाकण मिळालं होतं, आणि ते मीही वापरत होतो. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी पुरुष, मी थोडाच कोणाला फसवत होतो?

आता तिच्या वडिलांबद्दल सांगायला हवं. कारण ते माझे पेशंट. आमची ओळखच त्यांच्या कानांमुळे झाली, त्यांना पहिल्यांदा तीच घेऊन आली होती. त्यांच्या दोन्ही कानांत मी बसवलेली मशिनं आहेत, आणि घरात माझं नाव आहे 'मशीनवाले'. मी त्यांना काका म्हणतो. त्या लग्नाच्या आधी ते मशीनचा आवाज जुळवून घ्यायला आले.

"हॉलमध्ये गोंगाट असतो हो," ते म्हणाले. "सगळ्यांचे आवाज एकदम येतात. कोण काय बोललं काही कळत नाही. मग मी नुसती मान हलवतो."

"गर्दीत मशीनसुद्धा थोडं गोंधळतं, काका. ज्याचं ऐकायचं त्याच्याकडे तोंड करून बसा. बाकी मी सेट करून देतो."

मी वायर जोडून आकडे बदलत होतो. ते म्हणाले, "एक विचारू? घरात सगळे मोबाईलवर काहीतरी बघतात आणि हसतात. मी गेलो की बंद करतात. आमच्या बारकीचं काहीतरी आहे म्हणे. तुमच्याकडे असेल ना? मला ऐकवा."

बारकी म्हणजे ती. मला ते नाव वापरायची परवानगी नाही. मी तो आवाज सरळ त्यांच्या मशीनमध्ये सोडला. आता मध्ये गोंगाट नव्हता, खोली नव्हती, थेट कानात. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. हसले नाहीत.

"पुन्हा लावा."

मी पुन्हा लावलं.

"लोक का हसतात याला?"

मी समजावून सांगितलं. म्हटलं, काका, सगळ्या घरांत हेच विचारतात. विचारणाऱ्याला ते साधं वाटतं, जेवलीस का विचारावं तसं. पण ज्याला विचारतात त्याला तोंड लपवावंसं वाटतं. उलट बोलता येत नाही, कारण समोर मोठं माणूस. खरं सांगता येत नाही, कारण आजूबाजूला पन्नास जण. मग हसायचं. आधी एकेकटे हसायचे, आता मोबाईलमुळे सगळे मिळून हसतात. एवढंच.

"हं," ते म्हणाले. "पण ती मधे थांबली का?"

"ते थांबणंच गमतीचं आहे, काका."

"मला नाही वाटत." त्यांनी कानातलं मशीन बोटाने जरा आत सरकवलं. "माझी पोर आहे. ती काहीतरी सांगणार होती आणि तिने गिळलं."

मी मान खाली घालून आकडे बघत राहिलो.

"थोरलीच्या वेळी मी नको ते बोललो," ते म्हणाले. हे ते मला का सांगत होते कोण जाणे. कदाचित आवाज जुळवणाऱ्या माणसाला काहीही सांगता येतं. "तेव्हापासून घरात मला कोणी काही सांगत नाही. गमती सांगतात. बारकीने कोणी आणला ना, तर मी काही बोलणार नाही. कसाही असो. पण तिला हे सांगणार कसं? मी विचारायला गेलो की मी पण त्या व्हिडिओतला काका होतो."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. निदान संध्याकाळी जाऊन तिला तरी सांगायला हवं होतं की तुझे बाबा तयार आहेत. नाही सांगितलं. मला वाटलं, वडील तयार आहेत हे कळून मग ती बोलली तर त्यात काय मोठेपणा? तिने माझ्यासाठी भीती सोडून बोलावं असं मला हवं होतं. काकांनी जाताना लग्नाला यायचा आग्रह केला. "माझ्या शेजारीच बसा," म्हणाले, "ऐकू आलं नाही तर तुम्ही सांगाल."

लग्नाचा हॉल तसाच होता जसे सगळे असतात. उंच छत, गुळगुळीत फरशी, एकही पडदा नाही, त्यामुळे प्रत्येक आवाज चार भिंतींवरून फिरून परत येत होता. काका पहिल्या रांगेत बसले होते आणि मी त्यांच्या डाव्या बाजूला, नव्या इस्त्रीच्या शर्टात. ती गर्दीतून इकडेतिकडे धावत होती. एकदा आमच्याजवळून जाताना तिने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "सर, पाणी हवं का?" डोळ्यांनी म्हणाली, आज.

आणि काकू! काकू आता नटी झाली होती. ज्या व्हिडिओत तिची खिल्ली उडवली होती, तो तिला कोणीतरी दाखवला तेव्हा ती रागावेल म्हणून सगळे घाबरले होते. पण काकू खूश झाली. पोरींना बोलावून बोलावून दाखवायला लागली. आतेभावाने हॉलच्या दारात पुठ्ठ्याची मोठी चौकट उभी केली होती, वर लिहिलेलं, "आता तुझा नंबर कधी?" पाहुणे तिच्यात तोंड घालून काकूसोबत फोटो काढत होते. काकू प्रत्येक बिनलग्नाच्या पोराला हाताला धरून आणत होती आणि तोच प्रश्न त्याच ठसक्यात विचारत होती. पोरं हसत होती, पण मला त्यांचे चेहरे दिसत होते. ग्रुपवर लपून केलेला विनोद काकूला सापडला होता, आणि आता तो तिचा होता. आता कोणी तोंडही वाकडं करू शकत नव्हतं, कारण गंमत चालली होती ना.

जेवणाआधी आतेभावाने स्टेजवरचा माईक घेतला. "मंडळी, सगळ्यांची फर्माइश आहे! ओरिजिनल जोडी, पुन्हा एकदा, लाइव्ह!"

टाळ्या. शिट्ट्या. लोकांनी तिला ढकलत पुढे आणलं. स्टेजच्या खाली, आमच्या रांगेपासून पाच-सहा पावलांवर, ती आणि काकू समोरासमोर उभ्या राहिल्या. चहूकडून मोबाईल वर झाले. कोणीतरी मुद्दाम दोन ताटं आणली, खणखणाटासाठी.

तिने एकदा वडिलांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. ती पांढरीफटक पडली होती आणि माझ्या लक्षात आलं की ती आत्ता बोलणार आहे. इथेच. मला अभिमान वाटला तिचा, आणि त्याच वेळी इथून उठून पळावंसं वाटलं.

"काय गं," काकू कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता तुझा नंबर कधी?"

ताटं वाजली. मग ती शांतता. दीड सेकंद कधीच संपला, ती थांबलेलीच. लोक त्या लांबलेल्या शांततेलाच हसायला लागले. मला तिचा नाकातला तो छोटा श्वास ऐकू आल्यासारखा वाटला.

"सापडलाय, काकू," ती म्हणाली. "चार वर्षं झाली. खरंच सापडलाय."

आणि हॉल फुटला. मी इतकं हसणं कधी ऐकलं नाही. "अरे, हिने तर शेवटच बदलला!" कोणीतरी ओरडलं. "पार्ट टू!" आतेभाऊ पोट धरून वाकला. काकूने तिच्या पाठीत धपाटा घातला, "नाटकी मेली!" एकालाही वाटलं नाही की ती खरं बोलतेय. खरं बोलायची जागाच उरली नव्हती तिथे, सगळी जागा गमतीने भरली होती. ती मध्यभागी उभी होती, आणि तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

काकांनी माझ्या मनगटाला धरलं. त्या कल्लोळात त्यांना काही कळलं नव्हतं. त्यांनी कान माझ्याजवळ आणला आणि मोठ्याने विचारलं, "काय म्हणाली हो? मला नाही कळलं. काय म्हणाली बारकी?"

एक वाक्य होतं. ती म्हणाली की तिला माणूस सापडलाय, काका, आणि तो मी आहे. शब्द माझ्या जिभेवर होते. त्यांचे डोळे माझ्या ओठांवर होते, ऐकू न येणारी माणसं बघतात तसे. बाजूच्या खुर्च्यांवरचे दोघे-तिघे आमच्याकडे वळले होते. कोणाचा तरी मोबाईल आमच्याकडे वळला. मला दिसलं की आपण सांगितलं तर सगळे आपल्याकडे बघतील, मग कोणीतरी विचारेल, हे मशीनवाले ना? आणि मग कोणीतरी आधीचं लग्न काढेल.

"काही नाही, काका," मी म्हणालो. "गंमत चाललीय." आणि मी हसलो.

काकांनी मान हलवली. मला ती मान हलवणं ओळखीचं आहे. आवाज आलेला नसताना बटण दाबतात, तसं ते होतं.

तिने ते पाहिलं. त्या गोंगाटात तिला ऐकू आलं नसणार, पण रोज नवशिक्यांच्या चेहऱ्यावरून पुढे काय होणार हे ओळखणारी बाई आहे ती. तिने माझं हसणं पाहिलं, वडिलांची मान हललेली पाहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण गेला. मला वाटलं होतं ती रडेल. ती नुसती शांत झाली.

"अगं ते नको," आतेभाऊ माईकवरून ओरडत होता, "लोकांना जुनंच हवंय! ओरिजिनल घे! शांत, शांत, सगळे शांत व्हा, रेकॉर्ड करतोय!"

हॉल गप्प झाला. पंख्यांचा आवाज ऐकू यावा इतका गप्प. काकूने पुन्हा कमरेवर हात ठेवले.

"काय गं, आता तुझा नंबर कधी?"

या वेळी ती थांबली नाही. ताटं वाजायच्या आत, सरळ माझ्याकडे बघत, एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, "अगं काकू, आधी कोणी सापडू तर दे."

ती हसली नाही. लोक हसले, टाळ्या पडल्या, मोबाईल खाली आले, सगळे जेवणाकडे वळले. तीही त्यांच्यात मिसळून गेली.

काकांनी माझं मनगट अजून धरलेलं होतं. ते समाधानाने माझ्याकडे वळले.

"हे मात्र स्पष्ट ऐकू आलं," ते म्हणाले.